सहा वर्षांनी जुन्या साहेबांना निरोप पाठवताना

फोनवर निरोप येतो, "हाय सर, ओळखलंत का? कसे आहात?" पाठवणारी व्यक्ती जुन्या कंपनीतली असते आणि गेल्या पाच-सहा वर्षांत तिच्याशी एका शब्दाचंही बोलणं झालेलं नसतं. आपण उत्तर देतो. मग मुलं कितवीत आहेत, अजून त्याच भागात राहता का, यंदा पावसाने काय हाल केले, अशी चौकशी दोन दिवस चालते. तिसऱ्या दिवशी येतं, "सर, तुमच्याकडे काही व्हेकन्सी आहे का? रेझ्युमे पाठवतेय." उत्तराची वाट न पाहता पाठोपाठ फाइल येऊन पडते.

वाचणाऱ्याला खटकतं ते नोकरीबद्दल विचारणं नव्हे. नोकरी बदलताना ओळखीच्या माणसाला विचारायचं असतं हे सगळ्यांनाच मान्य आहे. खटकतं ते हे, की गेल्या दोन दिवसांची मुलाबाळांची चौकशी एका क्षणात खोटी ठरते. आपल्याला हळूहळू मुद्द्याकडे आणलं जात होतं, हे लक्षात येतं. गंमत म्हणजे पाठवणाऱ्याने हे सारं संकोचापोटी केलेलं असतं. थेट विचारलं तर मतलबी वाटेल, म्हणून आधी थोड्या गप्पा. आणि त्या गप्पांनीच तो मतलबी ठरतो.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. कामासाठी लिहीत असाल, तर पहिल्याच निरोपात तसं सांगा. मात्र काय मागायचं, किती मागायचं आणि समोरच्याला नाही म्हणायला वाट कशी ठेवायची, याचा विचार लिहिण्याआधी करा.

इतका खटाटोप करून जुन्याच माणसाकडे का जायचं, याला चांगलं कारण आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात नुकतीच नोकरी बदललेल्या व्यावसायिक, तंत्रज्ञ आणि व्यवस्थापकांचा अभ्यास केला. त्यावरचा त्याचा गाजलेला लेख १९७३ साली आला. ओळखीतून ज्यांना नोकरी कळली होती, त्यांना त्याने विचारलं, की ती सांगणाऱ्या माणसाला तुम्ही त्या काळात किती वेळा भेटत होता? आठवड्यातून दोनदा किंवा जास्त, असं सांगणारे जेमतेम १७ टक्के निघाले. सुमारे ५६ टक्क्यांची भेट अधूनमधून व्हायची आणि २८ टक्क्यांची वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी. त्या लेखातलं एक निरीक्षण आपल्या विषयाला अगदी लागू आहे. खबर देणारा पुष्कळदा कॉलेजातला जुना मित्र, जुना सहकारी किंवा जुना मालक असायचा. त्यांचं नातं मुळातही फार घट्ट नव्हतं. कुठेतरी अचानक गाठ पडली किंवा दोघांच्या ओळखीच्या कुणामुळे पुन्हा बोलणं सुरू झालं आणि त्यातून नोकरी कळली.

याचं कारण समजायला अवघड नाही. आपल्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाला जे माहीत असतं, ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं. सहा वर्षांपूर्वी निघून गेलेला माणूस मात्र या काळात दुसऱ्या कंपनीत, दुसऱ्या ग्राहकांमध्ये, कदाचित दुसऱ्याच उद्योगात वावरलेला असतो.

२०११ मध्ये डॅनियल लेव्हिन, होर्हे वॉल्टर आणि कीथ मर्निगन या तिघांनी नेमक्या अशा झोपी गेलेल्या ओळखींवर संशोधन प्रसिद्ध केलं. व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम करणाऱ्या अनुभवी अधिकाऱ्यांना त्यांनी सांगितलं, की किमान तीन वर्षं संपर्क नसलेल्या माणसांना गाठा आणि हातातल्या एखाद्या कामाबद्दल सल्ला विचारा. असा सल्ला सरासरीने रोजच्या संपर्कातल्या लोकांपेक्षा जास्त उपयोगी ठरला. त्यात नवं काही असायचं आणि जुना विश्वासही फारसा झिजलेला नसायचा. अभ्यास सल्ल्याचा होता, नोकरीचा नव्हता, हे ध्यानात ठेवायला हवं. पण पुढे दिसेल, की पहिल्या फोनवर सल्लाच मागणं शहाणपणाचं असतं.

आता एक उदाहरण घेऊन पाहू. ते कल्पित आहे, पण पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात राहणाऱ्यांना ओळखीचं वाटेल. चाकणला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत एक बाई सप्लायर क्वालिटीत काम करतात. बाहेरच्या पुरवठादारांकडून येणारे सुटे भाग नीट बनत आहेत ना, हे त्यांच्या कारखान्यात जाऊन पाहायचं आणि बिघडलं तर मूळ कारण शोधून ते बंद करून घ्यायचं, असं हे काम. कंपनीने प्लांट वर्षअखेरीस गुजरातेत सानंदला हलवायचं ठरवलं आहे. बाईंना पुणे सोडायचं नाही. सोबतचे वीस-पंचवीस जण त्याच चार कंपन्यांच्या दारात उभे आहेत, म्हणजे आपसात विचारून काही नवं हाती लागणार नाही. भोसरीच्या जुन्या कंपनीतले त्यांचे विभागप्रमुख सहा वर्षांपूर्वी बाहेर पडले आणि आता तळेगावच्या बाजूला इलेक्ट्रिक गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत आहेत. बाईंनी त्यांना लिहायचं ठरवलं.

लिहिण्याआधी त्यांना तीन गोष्टी तपासाव्या लागतील. पहिली म्हणजे सर आता नक्की कोणत्या कामावर आहेत. लिंक्डइनवर हे कळतं, पण तिथली माहिती पुष्कळदा जुनी असते, म्हणून दोघांच्या ओळखीच्या एखाद्या सहकाऱ्याला विचारलेलं बरं. दुसरी म्हणजे सरांची कंपनी बाईंच्या सध्याच्या कंपनीची ग्राहक किंवा पुरवठादार आहे का. असली तर मामला नाजूक होतो. धंद्याचे संबंध असलेल्या कंपन्या एकमेकांची माणसं घ्यायला बिचकतात, कधी तसा लेखी करारही असतो. अशा वेळी सरांना तिथे जागा विचारणं म्हणजे त्यांना अडचणीत टाकणं. त्यांच्याकडून बाकीच्या बाजाराची माहिती मात्र जरूर घ्यावी.

तिसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. त्या कंपनीच्या वेबसाइटवर आपण आधीच अर्ज करून ठेवला आहे का, किंवा एखाद्या कन्सल्टंटने आपलं नाव तिथे पाठवलं आहे का? बऱ्याच कंपन्यांत उमेदवाराचं नाव आधी ज्या वाटेने आलं त्याच वाटेवर ठराविक महिने नोंदलेलं राहतं. नंतर कर्मचाऱ्याने शिफारस टाकली, तर "हे नाव आधीपासून आहे" असं सांगून प्रणाली ती घेत नाही. म्हणून ज्या कंपनीत ओळखीचं माणूस आहे, तिथे आधी त्याच्याशी बोलावं आणि मग अर्ज करावा. उलटं झालं असेल, तर ते त्याला पहिल्यांदाच सांगावं.

आता निरोप. मी तो असा लिहीन:

"नमस्कार सर. मी भोसरीच्या प्लांटला तुमच्या टीममध्ये इनकमिंग इन्स्पेक्शन बघत होते. जर्मन कस्टमरच्या ऑडिटच्या आदल्या रात्री तुम्ही सगळ्या गेजची कॅलिब्रेशन रेकॉर्ड आमच्याकडून पुन्हा तपासून घेतली होती. मी आता माझ्या पुरवठादारांकडे ऑडिटच्या आधी तेच करते. आज कामासाठी लिहितेय. आमचा प्लांट वर्षअखेरीस सानंदला जातोय आणि मला पुण्यातच राहायचंय. इलेक्ट्रिक गाड्यांच्या बाजूला सप्लायर क्वालिटीच्या माणसाकडून काय अपेक्षा असते, हे तुमच्याकडून समजून घ्यायचं होतं. पुढच्या आठवडाभरात कधी पंधरा मिनिटं फोनवर बोलता येईल का? ऑफिसात अजून कुणाला सांगितलेलं नाही, तेवढं आपल्यातच राहू द्या. आणि सध्या गडबडीत असाल तर अजिबात संकोच करू नका, मी समजू शकते."

यातली प्रत्येक ओळ कशासाठी आहे ते सांगतो. सुरुवातीला ओळख आहे, कारण सहा वर्षांत सरांच्या हाताखालून कितीतरी माणसं गेली असतील आणि "ओळखलंत का?" या प्रश्नाने समोरचा नाहक अवघडतो. त्यानंतर ऑडिटची आठवण. ती खरी हवी, कामातली हवी आणि एका वाक्यात मावणारी हवी. "तुमच्याकडून खूप शिकायला मिळालं" हे वाक्य निरोपसमारंभातलं आहे. ते कुणालाही लागू पडतं, म्हणून कुणालाच लागत नाही. गेजच्या रेकॉर्डची आठवण फक्त त्यांनाच लागू पडते. शिवाय न सांगता ती आणखी एक काम करते. आपण कोणत्या दर्जाचं काम करतो, हे त्यातून सरांना आठवतं.

मग "आज कामासाठी लिहितेय". या तीन शब्दांवर सगळा निरोप उभा आहे. ते वाचताच समोरच्याच्या मनातला "हिला नेमकं काय हवंय?" हा प्रश्न मिटतो आणि पुढचं सगळं तो निवांत वाचू शकतो. नोकरी का बदलायची आहे तेही एका वाक्यात आलं, कारण ते गाळलं तर वाचणारा स्वतःच काहीतरी अंदाज बांधतो आणि तो क्वचितच आपल्या बाजूचा असतो.

मागणीचा आकार पाहा. "नोकरी द्या" हे सरांच्या हातात बहुधा नसतंच. जागा मंजूर असायला हवी, बजेट हवं, एचआर हवं. जे हातात नाही ते कुणी मागितलं की माणूस उत्तरच टाळतो, कारण नाही म्हणणं जड जातं. पंधरा मिनिटं बोलणं मात्र त्यांच्या हातात आहे. त्यांना ज्यातलं कळतं त्याबद्दलच बोलायचं आहे, त्यामुळे बहुतेकांना ते आवडतंही. रेझ्युमे या निरोपाला जोडलेला नाही. जोडला, तर त्या फाइलचं काहीतरी करण्याची जबाबदारी न विचारता त्यांच्यावर पडते.

हाक जुनीच ठेवावी. त्या काळी सर म्हणत असू तर आताही सर. पण ज्याच्याशी अरे-तुरे होतं तो आता मोठ्या हुद्द्यावर असला, तरी त्याला अचानक "सर, आपण" म्हणू नये. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. जुन्या मित्राला अहो-जाहो सुरू केलं की आपणच त्याला सांगतो, आता तू माझा सोबती राहिला नाहीस, काम करून देणारा झालास.

वेळेचंही भान हवं. कारखान्यातल्या माणसाला महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात माल बाहेर काढायची घाई असते, तेव्हा लिहू नये. पिंपरी-चिंचवड आणि भोसरीकडच्या अनेक कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. तो दिवस त्यांच्या घरचा आहे हे लक्षात ठेवून एखाद्या कामाच्या दिवशी संध्याकाळी निरोप पाठवावा. न कळवता थेट फोन मात्र करू नये. सहा वर्षांनी अचानक फोन आला की समोरच्याला विचार करायला वेळच मिळत नाही.

समजा, सरांनी वेळ दिला. फोनवर बाईंनी खरोखर शिकायला आल्यासारखे प्रश्न विचारावेत, आणि ते आधी कागदावर लिहून ठेवावेत. तिथे सप्लायर क्वालिटीची टीम कुणाला रिपोर्ट करते, खरेदी विभागाला की क्वालिटीला? इलेक्ट्रॉनिक भागांचे पुरवठादार तपासताना लोखंडी भागांपेक्षा काय वेगळं पाहावं लागतं? आणि सगळ्यात मोलाचा प्रश्न, "माझ्यासारख्या माणसाला घेताना तुम्हाला काय कमी वाटेल?" याचं उत्तर कधी टोचतं, पण ते दुसरीकडे मिळत नाही. सर म्हणाले, की कास्टिंग-मशिनिंगचा अनुभव भरपूर आहे पण सर्किट बोर्ड तू पाहिलेले नाहीस, तर पुढच्या दोन महिन्यांत काय करायचं ते बाईंना कळलं.

शेवटी जागेचं विचारायचं, आणि तेही स्पष्ट. सरांना ठाऊक आहे की हा फोन त्यासाठी आहे. ते न विचारता फोन ठेवला तर उलट तेच कोड्यात पडतील. "तुमच्याकडे किंवा तुमच्या माहितीत अशी जागा निघणार असेल, तर मला कळवाल का? आणि मी आणखी कुणाशी बोलावं असं तुम्हाला वाटतं?" एवढं पुरे. दुसऱ्या प्रश्नातून बऱ्याचदा जास्त हाती लागतं. स्वतःच्या कंपनीत जागा नसली, तरी कुणाचं तरी नाव सुचवता आलं म्हणून सरांनाही बरं वाटतं.

यानंतरच्या मदतीचे प्रकार वेगवेगळे आहेत आणि त्यांत गल्लत करून चालत नाही. "कुठे जागा आहे" हे सांगायला सरांना काहीच खर्च येत नाही. कंपनीच्या रेफरल पोर्टलवर आपलं नाव टाकणं म्हणजे दहा मिनिटांचं काम. पण संबंधित मॅनेजरला जाऊन "ही बाई चांगली आहे, मी तिच्यासोबत काम केलंय" असं सांगणं म्हणजे स्वतःचा शब्द पणाला लावणं. बाई उद्या कमी पडल्या तर तो शब्द सरांचा जातो. ही तिसरी मदत आपण मागायची नसते, ती त्यांनी आपणहून द्यायची असते. आपण त्यांना सोपं होईल एवढं करू शकतो.

कसं? सर म्हणाले "रेझ्युमे पाठव", तर त्याच दिवशी पाठवावा. कंपनीच्या वेबसाइटवर त्या जागेचा जो क्रमांक असतो तो सोबत द्यावा. रेफरल टाकताना तो लागतो आणि तो शोधत बसण्यात मदत करणाऱ्याचा उत्साह संपतो. नोटीस पीरियड किती आहे ते सांगावं, कारण आपल्याकडे तो दोन-तीन महिन्यांचाही असतो आणि एचआरचा पहिला प्रश्न बहुधा तोच असतो. सोबत चार ओळींचा मजकूर द्यावा, जो सरांना जसाच्या तसा पुढे पाठवता येईल. त्यात त्यांनी स्वतः पाहिलेलं काम वेगळं आणि नंतरचं वेगळं लिहावं. "भोसरीला माझ्या टीममध्ये इनकमिंग इन्स्पेक्शन बघत होती. त्यानंतर चाकणला सप्लायर क्वालिटी. सध्या बारा पुरवठादार तिच्याकडे आहेत. प्लांट स्थलांतरित होत असल्याने बदल हवा आहे." सहा वर्षांपूर्वीच्या कामाची ग्वाही सर निःशंक देऊ शकतात. नंतरच्या कामाची द्यायला लावणं म्हणजे त्यांच्याकडून न पाहिलेल्या गोष्टीवर सही मागणं.

एक गोष्ट मात्र बोलू नये. बऱ्याच कंपन्या शिफारस केलेला उमेदवार रुजू झाल्यावर आणि काही महिने टिकल्यावर शिफारस करणाऱ्याला बोनस देतात. सरांना ते ठाऊक असतंच. "तुम्हालाही रेफरल बोनस मिळेल" असं आपण म्हणालो, की ऑडिटच्या रात्रीच्या आठवणीपासून इथवर आलेला संवाद एका वाक्यात सौदा होतो.

आता उत्तरच आलं नाही तर? निरोप वाचल्याची खूण दिसते आणि पुढे काहीच नाही, हे नेहमीचं आहे. बहुतेक वेळा कारण साधं असतं. वाचलं तेव्हा लाइन बंद पडलेली होती, नंतर राहून गेलं. आठ-दहा दिवसांनी एकदा आठवण करावी आणि ती एका ओळीची असावी. "सर, मागचा निरोप गडबडीत राहून गेला असेल म्हणून पुन्हा लिहितेय. आता जमणार नसेल तरी हरकत नाही." यानंतरही शांतता राहिली तर थांबावं. तिसरा निरोप, मग फोन, मग जुन्या सहकाऱ्यामार्फत "सरांना जरा सांग ना" हे सुरू झालं, की नातं खरोखर बिघडतं.

उत्तर आलं, तरी त्याचा अर्थ ओळखावा लागतो. सर नोटीस पीरियड विचारतात, सध्या किती पुरवठादार बघतेस विचारतात, मॅनेजरचं नाव सांगतात, म्हणजे त्यांनी मनावर घेतलंय. "बघतो, काही असलं तर कळवतो" हा बहुधा सभ्य नकार असतो. त्यावर दर आठवड्याला "सर, काही झालं का?" विचारू नये. शिवाय सरांची स्वतःचीच खुर्ची तिथे डळमळीत असू शकते, किंवा त्यांच्या शब्दाला तिथे वजन नसेल, आणि हे ते आपल्याला सांगणार नाहीत. जुन्या ओळखीने मुलाखतीपर्यंत पोहोचता येतं. पुढे तांत्रिक फेरीत सर्किट बोर्डाबद्दल विचारलेलं आपल्यालाच सांगावं लागतं.

राहिला शेवटचा निरोप, जो सगळ्यात जास्त वेळा राहून जातो. समजा, तळेगावला जागा निघालीच नाही, पण सरांनी सुचवलेल्या दुसऱ्या माणसाकडून रांजणगावच्या एका कंपनीत बाईंचं काम झालं. किंवा काहीच झालं नाही आणि बाईंनी वेगळीच वाट धरली. दोन्ही वेळी सरांना कळवायला हवं, आणि नुसतं "थँक्यू सर" लिहून भागत नाही. त्यांनी सांगितलेल्या कोणत्या गोष्टीचं पुढे काय झालं, ते लिहावं. "तुम्ही बोर्डांबद्दल बोललात म्हणून मी आमच्याच एका पुरवठादाराकडे दोन दिवस बसून ते काम पाहिलं, मुलाखतीत त्यावरच विचारलं." पंधरा मिनिटं देणाऱ्या माणसाला त्या मिनिटांचं काय झालं ते कळायलाच हवं. नोकरी लागल्याचं त्यांना सहा महिन्यांनी लिंक्डइनवरून कळलं, तर आपण फक्त कामापुरते आठवलो होतो असं त्यांना वाटेल, आणि तसं वाटण्यात त्यांची काही चूक नसेल.